मधले चार किलोमीटर

शीळफाट्यावर गाडी अडकली की माणसाला नंबरप्लेटा वाचायची सवय लागते. न्हावाशेव्याहून आलेले कंटेनर, कल्याणकडून आलेले टेम्पो, महापेकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, सगळे एकाच तोंडाशी येऊन थांबतात आणि वाचायला भरपूर वेळ मिळतो. एमएच ०४, एमएच ०५, एमएच ४३ तर आहेतच, जीजे १५ म्हणजे वलसाडही ओळखीचा. पण त्यात मधूनच डीएन ०९ किंवा डीडी अशी अक्षरं दिसतात, ट्रकवर दिसतात आणि रात्रीच्या स्लीपर बसवर तर हमखास. डीएन म्हणजे दादरा आणि नगर हवेली. आता तिथल्या नव्या गाड्यांनाही डीडीच मिळतं. उल्हासनगर आणि पुणे यांच्यामध्ये धावणाऱ्या बसची नोंदणी सिल्वासात कशासाठी, तर तिथला गाडीवरचा कर कमी. गाडीवर किती कर घ्यायचा हे एरवी राज्य सरकार ठरवतं. सिल्वासाला राज्य सरकारच नाही, मग तिथे ते कोण ठरवतं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो मात्र नंबरप्लेटेवरून नाही, बुलेट ट्रेनवरून. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघालेला तिचा एकवीस किलोमीटरचा बोगदा, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून, आमच्या शीळफाट्याला वर निघतो. घणसोली ते शीळफाटा हा जवळपास पाच किलोमीटरचा तुकडा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. इथून पुढे मार्ग बहुतेक खांबांवरून जातो : म्हातार्डीजवळ ठाणे स्थानक, मग विरार, बोईसर आणि तिथून वापी. एकूण लांबी ५०८ किलोमीटर. त्यात महाराष्ट्रात १५६, गुजरातेत ३४८ आणि मध्ये चार किलोमीटर दादरा-नगर हवेलीत. त्या चार किलोमीटरमध्ये स्थानक नाही, गाडी तिथून मिनिटाभरात निघून जाईल. पण त्या मिनिटात ती ज्या जमिनीवरून जाणार, तिथलं सरकार वेगळ्या जातीचं आहे. तेच पाहायला निघालो.

सोबतीला दाजी. त्यांचा प्लास्टिकच्या दाण्याचा व्यवसाय. सिल्वासातल्या कारखान्यांकडे त्यांचं सतत जाणं-येणं असतं, त्यामुळे रस्ता त्यांना पाठ. "तू कायदा बघ, मी माझी बिलं बघतो," असं ठरलं आणि आम्ही मुंब्रा बायपास चढलो.

खारेगाव, माजिवडा, घोडबंदर. गायमुखाच्या घाटाविषयी काही लिहीत नाही, ठाणेकरांना ते वाचायची गरज नाही आणि इतरांना ते खरं वाटणार नाही. वर्सोव्याचा पूल ओलांडून अहमदाबाद महामार्गाला लागलं की गाडी जरा मोकळी धावते. मनोर गेलं, चारोटी नाक्यावर चहा झाला, आणि तलासरीच्या आसपास रस्त्याकडेच्या पाट्यांवर अधूनमधून 'पेसा गाव' असे शब्द दिसू लागले.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पुढच्या चार किलोमीटरचं गमक या पाट्यांत आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे पालघर जिल्ह्यातले तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं 'अनुसूचित क्षेत्र' आहेत. म्हणजे ते महाराष्ट्राचाच भाग, आमदार त्यांचे, तहसीलदार त्यांचा, पण आदिवासींच्या जमिनी आणि गावकारभार यांबाबत राज्याच्या नेहमीच्या कायद्यांवर एक जादा झाकण आहे. राज्यपाल इथे एखादा कायदा लागू करू नये किंवा बदलून लागू करावा असं ठरवू शकतात. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तर अनुसूचित क्षेत्रातली जमीन घेण्याआधी ग्रामसभेची पूर्वसंमती लागते असं स्पष्ट लिहिलं आहे. बुलेट ट्रेनची मोजणी सुरू झाली तेव्हा पालघरमधल्या अनेक गावांनी ग्रामसभेत ठराव करून विरोध नोंदवला, तो याच बळावर. ठराव झाले म्हणून रेल्वे थांबली नाही. पण बोलायला एक जागा होती, कागदावर उमटेल अशी.

राज्याच्या पातळीवरही तसंच झालं. २०१९ च्या शेवटी मुंबईत सरकार बदललं, नव्या सरकारने प्रकल्पाचा फेरविचार काढला आणि महाराष्ट्रातलं काम रेंगाळलं, तर गुजरातेत खांब उभे राहत होते. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि कामाने वेग घेतला. हे योग्य की अयोग्य यावर आपल्याकडे घराघरांत वाद होतील. मुद्दा इतकाच की मुंबईत बसलेलं सरकार दिल्लीच्या आवडीचं काम हळू करू शकतं. राज्य असणं म्हणजे व्यवहारात हेच असतं. गुजरातने उलट दिशेने तोच अधिकार वापरला : २०१६ मध्ये विधानसभेत भूसंपादन कायद्याला स्वतःची दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली आणि अनेक प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट दिली. तिथल्या शेतकऱ्यांनी न्यायालयात जाऊन म्हटलं की प्रकल्प दोन राज्यांतला आहे, तेव्हा संपादन केंद्राने करायला हवं, राज्याने नाही. २०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. म्हणजे एकाच रुळाखाली दोन राज्यांचे दोन वेगळे कायदे, आणि दोन्ही त्यांच्या त्यांच्या विधानसभांनी घडवलेले.

अच्छाड ओलांडून गुजरातेत शिरलो. भिलाडला महामार्ग सोडून उजवीकडे वळलं की थोड्याच अंतरावर नरोली येतं. सीमा लागली हे कळायला नकाशा लागत नाही. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे हद्द संपताक्षणी रस्त्याच्या कडेला वाइन शॉपच्या पाट्या दाटीने सुरू होतात. पेट्रोल पंपावर महाराष्ट्राच्या गाड्या टाकी भरून घेतात. आणि सरकारी फलकांवर 'राज्य' हा शब्द नाहीसा होऊन 'संघ प्रदेश' येतो : संघ प्रदेश दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव. एवढं लांब नाव भारतात दुसऱ्या कुठल्या प्रदेशाला नसेल. लोक बोलताना नुसतं 'यूटी' म्हणतात. "यूटीत माल उतरवला", "यूटीचं लायसन", असं.

टपरीवर चहा घेताना तिथल्या माणसाला विचारलं, तुमचा आमदार कोण?

"आमदार नाही हो काका इथं. खासदार आहे, सरपंच आहे. मध्ये कलेक्टर."

घटनेच्या कलम २३९ चं इतकं नेमकं स्पष्टीकरण मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. संघ प्रदेशाचा कारभार राष्ट्रपती आपण नेमलेल्या प्रशासकामार्फत चालवतात. इथे विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही, मंत्रिमंडळ नाही. जिल्हा पंचायत आहे, सिल्वासाला नगर परिषद आहे, त्यांच्या निवडणुका होतात. पण शीळफाट्यावरच्या माणसाचं पाण्याचं, शाळेचं, पोलिसाचं, सातबाऱ्याचं गाऱ्हाणं ज्या विधिमंडळात जातं, ती पायरीच इथे नाही. ती कामं दमणला बसणारे प्रशासक आणि वर दिल्लीत गृह मंत्रालय पाहतं. प्रदेशाचा अर्थसंकल्पही वेगळा मांडला जात नाही, केंद्राच्या अर्थसंकल्पात गृह मंत्रालयाच्या मागण्यांमध्ये त्याची एक मागणी असते.

आणि तरी एका बाबतीत त्यांचं वजन आपल्याहून जास्त. २०११ च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या ३ लाख ४३ हजार होती, कल्याण-डोंबिवली महापालिकेची एकटीची साडेबारा लाखांच्या आसपास. आमच्या कल्याण मतदारसंघात अंबरनाथ, उल्हासनगर, मुंब्रा-कळवा सगळे मिळून एक खासदार. त्यांना साडेतीन लाखांत एक अख्खा खासदार, अनुसूचित जमातींसाठी राखीव. २०२१ च्या पोटनिवडणुकीत इथून कलाबेन डेलकर शिवसेनेच्या तिकिटावर निवडून आल्या, महाराष्ट्राबाहेर शिवसेनेचा तो पहिला लोकसभा विजय. २०२४ ला त्या भाजपकडून आल्या. राज्यसभेत मात्र त्यांची जागा नाही, कारण राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात आणि आमदारच नाहीत.

नरोलीहून दमणगंगेचा पूल ओलांडला की सिल्वासा. दोन्ही बाजूंनी कारखाने, बहुतेक प्लास्टिक आणि सिंथेटिक धाग्याचे. एका कारखान्याच्या ऑफिसात दाजींनी बिलं पसरली, आणि त्या बिलांनी मला अर्ध्या दिवसाची पायपीट वाचवली.

पहिलं बिल दाजींच्या डोंबिवलीच्या पेढीचं. जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७, म्हणजे महाराष्ट्र. दुसरं वापीच्या व्यापाऱ्याचं, सुरुवात २४. तिसरं या कारखान्याचं, २६. डोंबिवलीहून भिवंडीला माल गेला तर अठरा टक्क्यांतले नऊ केंद्राचे, नऊ राज्याचे, म्हणजे सीजीएसटी आणि एसजीएसटी. सिल्वासातल्या कारखान्याने शेजारच्याच कारखान्याला माल विकला तर बिलावर नऊ टक्के सीजीएसटी आणि नऊ टक्के यूटीजीएसटी. टक्केवारी तीच, रक्कम तीच, दाजींना फरक शून्य. फरक पैसा कुठे जातो यात. महाराष्ट्राचे नऊ टक्के मुंबईच्या तिजोरीत जातात आणि ते कशावर खर्च करायचे हे विधानसभा ठरवते. यूटीजीएसटीचे नऊ टक्केही अखेर केंद्राच्याच संचित निधीत जातात. म्हणजे अठराचे अठरा टक्के दिल्लीला, एकाच माणसाच्या उजव्या आणि डाव्या खिशात. जीएसटी दर ठरवणाऱ्या परिषदेत महाराष्ट्राचा अर्थमंत्री बसतो, गोव्याचा बसतो, पुदुच्चेरीचाही बसतो, कारण पुदुच्चेरी संघ प्रदेश असला तरी त्याला विधानसभा आहे. सिल्वासातून कोणी बसत नाही.

बुलेट ट्रेनच्या कंपनीचं भांडवल पाहिलं तर हेच चित्र. केंद्राचे दहा हजार कोटी, महाराष्ट्र आणि गुजरातचे प्रत्येकी पाच हजार कोटी. चार किलोमीटरवाल्यांचा वेगळा हिस्सा नाही, कारण वेगळी तिजोरीच नाही.

जमिनीचंही तसंच. भूसंपादनाच्या कायद्यात 'समुचित शासन' कोण याची व्याख्या आहे. राज्यातली जमीन असेल तर राज्य सरकार. पुदुच्चेरी सोडून इतर संघ प्रदेशांत केंद्र सरकार. प्रकल्पासाठी एकूण १३८९ हेक्टर जमीन लागली, ती जानेवारी २०२४ पर्यंत पूर्ण ताब्यात आली. त्यात गुजरातची ९५१, महाराष्ट्राची ४३० आणि इथली फक्त ७.९ हेक्टर. एवढी जमीन कुठल्याही सरकारने झटपट मिळवली असती, हे कबूल. पण इथे कुठल्या सरकारने कुणाला अडवायचं, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. मागणारं केंद्र आणि देणारंही केंद्र.

आणि इथे तलासरीच्या पाट्या आठवतात. दादरा-नगर हवेलीत २०११ मध्ये निम्म्याहून थोडे अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते : वारली, धोडिया, कोकणा. हद्दीपलीकडे तलासरीत तेच वारली, त्याच आडनावांचे, एकमेकांत सोयरिकी असलेले. तलासरीतला वारली अनुसूचित क्षेत्रात राहतो, त्याच्या ग्रामसभेला पेसा आहे. काही किलोमीटरवरच्या नगर हवेलीतल्या त्याच्या मेहुण्याला नाही. कारण घटनेची पाचवी अनुसूची लिहिली गेली ती राज्यांसाठी, आणि हे राज्य नाही. राज्याच्या हातून आदिवासींना वाचवण्याची तरतूद घटनाकारांनी केली, पण जिथे मध्ये राज्यच नाही तिथे ती लावायची कशी हे राहून गेलं. जमिनीच्या संरक्षणाचे स्थानिक नियम इथे आहेत. पण ते नियम म्हणजे काय, ते पाहा : १९७१ चं जमीन सुधारणांचं इथलं जे मुख्य बाड आहे, त्याच्या नावात 'अधिनियम' नाही, 'विनियम' आहे. कलम २४० खाली राष्ट्रपती या प्रदेशासाठी स्वतः विनियम काढू शकतात आणि त्याला संसदेच्या कायद्याइतकंच बळ असतं. शिवाय १९६१ च्या कायद्याने केंद्राला आणखी एक सोय दिली, कुठल्याही राज्यात चालू असलेला कायदा एक अधिसूचना काढून इथे आणता येतो. विधानसभेने दिवसेंदिवस भांडून केलेला शेजारचा कायदा इथे तयार कपड्यासारखा घातला जातो, फार तर बाह्या आखूड करून. इथली वीज वितरण कंपनी एप्रिल २०२२ मध्ये खासगी हातांत गेली. संघ प्रदेशांतल्या वीज वितरणाचं खासगीकरण करणार ही घोषणा २०२० च्या मे महिन्यात दिल्लीत झाली होती. महाराष्ट्रात असा निर्णय घ्यायचा तर किती अधिवेशनं वाहून गेली असती, कल्पना करा. याला कार्यक्षमता म्हणायचं की काय, हे तुम्ही कुठल्या टेबलावर बसला आहात यावर आहे. कारखान्याचे मालक म्हणाले, "एक खिडकी, एक साहेब, काम होतं." त्यांच्या टेबलावरून तसंच दिसणार.

दुपारी सिल्वासात हिंडलो. आदिवासी संग्रहालय, त्याच्याजवळ पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च, आणि चौकाचौकांत १९५४ च्या मुक्तीच्या आठवणी. या चार किलोमीटरचं हे असं का झालं, याचा धागा थेट पुण्यापर्यंत जातो.

१७७९ च्या डिसेंबरात पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला. मराठ्यांनी त्यांचं 'सांताना' नावाचं लढाऊ जहाज पकडलं होतं, त्याची भरपाई आणि इंग्रजांविरुद्धची मैत्री म्हणून वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं द्यायचं ठरलं. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेलं. दिलं काय, तर पुण्याच्या भाषेत सरंजाम : महसूल तुम्ही खा, मालकी आमची. पेशवाई बुडाली, इंग्रज आले, आणि पोर्तुगीजांनी मालकीही आपलीच धरली. नकाशा तर असा विचित्र झाला की दादरा वेगळं पडलं, नगर हवेली वेगळी, दोन्हींमध्ये आपली हद्द, आणि नगर हवेलीच्या पोटात मेघवाळ नावाचं एक गाव आपलं. आजही वापीहून सिल्वासाला येताना आधी दादरा लागतं, मग लवाछ्याची गुजरातची पट्टी, मग पुन्हा यूटी. फोनवर 'वेलकम'चे संदेश पाठोपाठ येतात.

१९५४ च्या जुलैत दादरा आधी मुक्त झालं, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमांतक दल, रा. स्व. संघाचे स्वयंसेवक, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, असे वेगवेगळे गट होते. पुण्या-मुंबईची बरीच मंडळी त्यात होती. सुधीर फडके स्वतः उतरले होते, आणि शस्त्रांसाठी पैसा उभा करायला लता मंगेशकरांचा पुण्यात कार्यक्रम झाला होता. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपली माणसं घेऊन खानवेलच्या रानाकडे हटला आणि अखेर ११ ऑगस्टला आपल्या तलासरीतल्या उधव्याला राखीव पोलिसांच्या हवाली झाला.

इथून पुढे सात वर्षं हा मुलूख कुणाचा होता? व्यवहारात 'वरिष्ठ पंचायत' नावाच्या स्थानिक मंडळाचा. भारत सरकारने त्याला ताब्यात घेतलं नाही, कारण पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला होता. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि २२ तारखेला दावा दाखल, इतकी घाई. दावा असा : दमणहून आमच्या वसाहतींत जायला भारताने वाट दिली पाहिजे. न्यायालयात पेशव्यांच्या सनदा वाचल्या गेल्या. भारताच्या बाजूने तदर्थ न्यायाधीश म्हणून छगला बसले होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगालची सत्ता गृहीत धरली आणि भारतानेही ती मुकाट्याने चालू ठेवली. त्यामुळे सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हती. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली ती चुकीची नव्हती. पोर्तुगाल तत्त्वात अर्धं जिंकलं आणि व्यवहारात सगळं हरलं.

मग विलीनीकरण. वरिष्ठ पंचायतीने भारतात यायचं ठरवलं, पण करारावर सही कोण करणार? भारताच्या पंतप्रधानाबरोबर सही करायला समोर बरोबरीचा कोणी हवा. तेव्हा तिथे प्रशासक म्हणून पाठवलेले सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना ११ ऑगस्ट १९६१ या एका दिवसापुरतं दादरा-नगर हवेलीचं पंतप्रधान करण्यात आलं. एकीकडे नेहरू, एकीकडे बदलानी. दहाव्या घटनादुरुस्तीने हा संघ प्रदेश झाला. मुंबई राज्याचे दोन तुकडे होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. प्रदेश गुजरातला द्यावा की महाराष्ट्राला हा वाद नव्याने उकरण्यापेक्षा दिल्लीने तो आपल्याकडे ठेवला, असं मला वाटतं. उच्च न्यायालय मात्र मुंबईचंच मिळालं. सिल्वासातलं अपील आजही फोर्टातल्या इमारतीत येतं.

पोर्तुगालच्या हातून सुटलेल्या तुकड्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं तर एकच धनी सोडून गेलेल्या घरांतून किती वेगवेगळे संसार निघतात ते कळतं. गोवा, दमण आणि दीव १९ डिसेंबर १९६१ ला भारतात आले आणि एकत्र संघ प्रदेश झाले. गोव्याने १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात जायचं नाकारलं आणि ३० मे १९८७ ला ते राज्य झालं. दमण-दीव मागे राहिले, संघ प्रदेश म्हणून. मकाव १९९९ मध्ये चीनकडे गेलं आणि 'विशेष प्रशासकीय प्रदेश' झालं. नाव ऐकून वाटतं की हे दमणसारखंच काहीतरी. आहे नेमकं उलट. मकावला स्वतःचं चलन आहे, पटाका. जकात स्वतःची, कर स्वतःचे आणि ते बीजिंगला जात नाहीत, शेवटचं अपील ऐकणारं न्यायालयही स्वतःचं. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार तेवढे बीजिंगकडे. हाँगकाँगचंही १९९७ पासून तसंच. म्हणजे चीनमधल्या साध्या प्रांताहून त्यांच्याकडे जास्त, आणि भारतातल्या साध्या राज्याहून सिल्वासाकडे कमी. अर्थात बीजिंगच्या मनात आलं तेव्हा २०२० मध्ये हाँगकाँगसाठी सुरक्षा कायदा तिथल्या विधिमंडळाला वळसा घालून आलाच. शिवाय दोन्हींना पन्नास वर्षांची हमी दिलेली आहे, ती २०४७ आणि २०४९ ला संपते. तिबेट, शिनजियांगसारखे चीनचे पाच 'स्वायत्त प्रदेश' ही आणखी तिसरीच तऱ्हा : प्रदेशाचा अध्यक्ष तिथल्याच जमातीचा असतो, सूत्रं पक्षाच्या सचिवाकडे असतात. आणि खुद्द पोर्तुगालमध्ये मादैरा आणि अझोर्स ही बेटं १९७६ च्या घटनेपासून स्वायत्त प्रदेश आहेत, त्यांना स्वतःचं विधिमंडळ आहे आणि तिथे विक्रीवरचा कर मुख्य भूमीपेक्षा कमी. पाटीवर काय लिहिलंय ते बघून काही कळत नाही. कायदा कोण करतो, पैसा कुठल्या तिजोरीत जातो आणि ही व्यवस्था बदलायची झाली तर कुणाला विचारावं लागतं, हे तीन प्रश्न विचारले की कळतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे अलीकडेच मिळालं. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन वेगळे संघ प्रदेश होते. ते एक करण्याचं विधेयक २७ नोव्हेंबर २०१९ ला लोकसभेत आणि ३ डिसेंबरला राज्यसभेत मंजूर झालं, आणि २६ जानेवारी २०२० ला ते एक झाले. राज्याची हद्द किंवा नाव बदलायचं तर कलम ३ प्रमाणे राष्ट्रपतींना ते विधेयक आधी त्या राज्याच्या विधानसभेकडे मत द्यायला पाठवावं लागतं. मत बंधनकारक नाही, पण विचारावं लागतं. संघ प्रदेशाला त्या परंतुकातून वगळलेलं आहे. विचारायला विधानसभा नव्हती, राज्यसभेत एकही सदस्य नव्हता, लोकसभेत दोन होते. सिल्वासातल्या लोकांना आपलं मुख्यालय दमणला गेल्याचं वर्तमानपत्रातून कळलं, असं कारखान्यातले एक जुने हिशेबनीस सांगत होते. दोन ठिकाणांच्या मध्ये गुजरात आहे, तेव्हा सचिवालयात कागद द्यायचा तर परराज्यातून जायचं.

परतताना दादऱ्यावरून वापीला निघालो, म्हणजे यूटी, गुजरात, यूटी, गुजरात. दाजींचं अजूनही बिलांतच चाललं होतं.

"समज, उद्या हे सगळं उचलून गुजरातेत टाकलं, तर?"

"संसदेचा एक साधा कायदा लागेल. लोकसभेत बहुमत, राज्यसभेत बहुमत, झालं. गुजरातच्या विधानसभेला विचारतील, कारण तिची हद्द बदलते. इथे विचारायला कोणी नाही."

"आणि माझा कोड?"

"सव्वीसचा चोवीस होईल."

"मग सॉफ्टवेअरवाल्याला आत्ताच सांगून ठेवतो," दाजी म्हणाले, आणि लवाछ्याच्या पट्टीत गाडी शिरली तसा त्यांचा फोन गुजरातचं स्वागत करायला लागला.